वगळलेल्या गुणांची गोष्ट

कॉलेजच्या शेवटच्या वर्षात मी एका एकांकिका स्पर्धेत गुणपत्रकांच्या टेबलावर बसलो होतो. काम सोपं होतं. प्रत्येक एकांकिका संपली की तिन्ही परीक्षकांचे कागद गोळा करायचे, शंभरपैकी मिळालेले गुण वहीत उतरवायचे, बेरीज करायची आणि तिनाने भागायचं. पहिली आलेली एकांकिकाच पुढच्या फेरीला जाणार होती.

त्यातल्या एका एकांकिकेचा दिग्दर्शक माझा शाळेपासूनचा मित्र. त्यांच्या प्रयोगाला दोन परीक्षकांनी ८२ आणि ८० गुण दिले. त्या दिवशी ऐंशीच्या वर दुसरं कुणीच गेलं नव्हतं. तिसरा कागद उघडला तर त्यावर ५१. तिघांची सरासरी आली ७१. दुसऱ्या एका एकांकिकेला ७२, ७३ आणि ७४ मिळाले होते, म्हणजे सरासरी ७३. ती पहिली आली आणि मित्राचा ग्रुप घरी गेला.

मी नको ते केलं. रात्री चहाच्या टपरीवर त्याला ते आकडे सांगून टाकले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अरे, ऑलिंपिकमध्ये सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा काढून टाकतात ना? तसं केलं असतं तर आमचे ८० झाले असते आणि त्यांचे ७३. एका माणसाने आमचं वर्ष खाल्लं."

हिशोब त्याचा बरोबर होता. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. हा नियम आला कुठून, तो नेमकं काय करतो आणि काय करू शकत नाही, हे मी पुढच्या काही वर्षांत तुकड्यातुकड्याने वाचत गेलो. त्या वाचनाचा पहिला धक्का मला टीव्हीसमोर बसला.

१४ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवा. अकरा वाजून गेले होते आणि रिओमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टच्या अंतिम फेरीत धावत सुटली होती. तिच्या पहिल्या उडीला १४.८६६ मिळाले, दुसऱ्या उडीला म्हणजे त्या जीवघेण्या प्रोदुनोवाला १५.२६६. दोन्हींची सरासरी १५.०६६. कांस्यपदक घेणाऱ्या स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाइनग्रुबरचे १५.२१६. दीपा चौथी आली.

दुसऱ्या दिवशी सगळे ०.१५ च्या फरकाबद्दल बोलत होते. मी मात्र त्या '६६' मध्ये अडकलो. परीक्षक गुण देताना दशांशात देतात, ८.८ किंवा ८.९ असे. मग ८६६ कुठून आलं?

उडीच्या गुणांचे दोन भाग असतात. एक काठिण्याचा. तो दीपाच्या पहिल्या उडीला ६.०, दुसऱ्या उडीला ७.०. दुसरा भाग सफाईचा. त्यात दहापासून सुरुवात करून चुकांचे गुण कापत जातात. पहिल्या उडीत सफाईचे ८.८६६ आणि दुसऱ्या उडीत ८.२६६. आता ८.८६६ ला तिनाने गुणून बघा. जवळजवळ २६.६ येतात. ८.२६६ ला तिनाने गुणलं तर २४.८. म्हणजे दोन्ही वेळा दशांशातल्या तीन आकड्यांची बेरीज करून तिनाने भागलं होतं आणि तिसऱ्या दशांशानंतरचे आकडे कापून टाकले होते.

सफाईचे मोजले जाणारे गुण देणारे परीक्षक मात्र पाच होते. त्यांच्यापैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण देणारे दोघं बाजूला काढले होते आणि उरलेल्या तिघांची सरासरी घेतली होती. माझा मित्र टपरीवर ज्याबद्दल बोलला ते हेच. संख्याशास्त्रात याला ट्रिम्ड मीन म्हणतात. आपण छाटलेली सरासरी म्हणू. एखाद्या स्कोअरच्या शेवटी ३३ किंवा ६६ दिसलं तर समजा, कुठेतरी तिघांची सरासरी झाली आहे आणि बहुतेक दोघांचे आकडे टोपलीत गेले आहेत.

शेतातून आलेली युक्ती

मला वाटायचं ही कल्पना खेळातूनच आली असेल. प्रत्यक्षात तिचा एक जुना छापील उल्लेख शेतीचा आहे.

१८२१ साली फ्रान्समध्ये जोसेफ जेर्गोन या गणितज्ञाच्या नियतकालिकात एक निनावी लेख छापून आला. विषय होता, अनेक मोजमापांतून एक भरवशाचा आकडा कसा काढावा. त्यात लेखकाने फ्रान्सच्या काही प्रांतांतली एक रीत सांगितली आहे. एखाद्या जमिनीचं सरासरी उत्पन्न ठरवायचं असेल तर तिथले लोक सलग वीस वर्षांची पिकं बघत. त्यातलं सर्वांत भरघोस वर्ष आणि सर्वांत नापिकीचं वर्ष काढून टाकत आणि उरलेल्यांची बेरीज करून अठराने भागत. हा निनावी लेखक म्हणजे संपादक जेर्गोन स्वतःच असावा, असं पुढे संख्याशास्त्राचे इतिहासकार स्टीफन स्टिगलर यांनी मांडलं.

ज्याच्या घरी शेती आहे त्याला ही रीत समजवावी लागत नाही. एखाद्या वर्षी काढणीच्या तोंडावर गारपीट होते आणि हातात काही येत नाही. एखाद्या वर्षी सगळंच जुळून येतं. ही दोन्ही वर्षं खरी असतात, पण 'या रानात साधारण किती पिकतं' या प्रश्नाचं उत्तर ती बिघडवतात. साध्या सरासरीची अडचणच ही आहे की तिच्यावर प्रत्येक आकड्याची ओढ सारखी नसते. जो आकडा जितका लांब उभा, तितका तो सरासरीला आपल्याकडे जास्त खेचतो. टोकाचे आकडे काढले की ही रस्सीखेच थांबते.

आपल्याकडे ही युक्ती आजही वापरात आहे, पण एकाच बाजूने. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत 'उंबरठा उत्पादन' काढताना मागच्या सात वर्षांतली सर्वोत्तम पाच वर्षं धरतात आणि त्यांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणतात. म्हणजे सर्वांत वाईट दोन वर्षं छाटली, चांगलं एकही नाही. कारण उंबरठा खाली आला की भरपाईही कमी होते. दुष्काळाची दोन वर्षं सरासरीत राहिली असती तर ज्या शेतकऱ्याचं जास्त बुडालं त्यालाच कमी मिळालं असतं. कुठली टोकं छाटायची हे गणित ठरवत नाही. हिशोब कुणासाठी आणि कशासाठी चालू आहे त्यावर ते ठरतं.

परीक्षकांच्या बाबतीत मात्र दोन्ही टोकं छाटावी लागतात. कारण तिथे भीती दोन्हींची असते. आपल्या खेळाडूला वर उचलणाऱ्याचीही आणि दुसऱ्याच्या खेळाडूला खाली ओढणाऱ्याचीही.

एकटा माणूस काय करू शकतो

आता कागद-पेन्सिल घ्या, किंवा मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. पाच परीक्षक आहेत आणि एका उडीला त्यांनी प्रामाणिकपणे दिलेले गुण असे आहेत: ७.५, ७.५, ८, ८ आणि ८.५. साधी सरासरी ७.९. एक ७.५ आणि ८.५ काढून उरलेल्या तिघांची सरासरी ७.८३.

समजा, ७.५ देणाऱ्यांपैकी एकाला या खेळाडूला पाडायचं आहे. तो ७.५ च्या जागी ४ देतो. साधी सरासरी ७.९ वरून थेट ७.२ वर येते. स्पर्धा जिथे शंभराव्या हिश्श्याने जिंकली जाते तिथे हा खून आहे. छाटलेल्या सरासरीत काय होतं? ४ कचऱ्यात जातो, ८.५ कचऱ्यात जातो, उरतात ७.५, ८ आणि ८. उत्तर ७.८३, म्हणजे आधीचंच. माणसाने शून्य दिला असता तरी उत्तर हलत नाही.

इथपर्यंत नियम जादूसारखा वाटतो. पण आता उलटं करू. त्याच माणसाला खेळाडूला वर उचलायचं आहे, म्हणून तो ७.५ च्या जागी ९.५ देतो. आकडे झाले ७.५, ८, ८, ८.५, ९.५. त्याचा ९.५ छाटला गेला. पण मधल्या तिघांत आता कोण आलं बघा: ८, ८ आणि ८.५. सरासरी ८.१७. त्याचा आकडा मोजलाच गेला नाही, तरी खेळाडूचे गुण ७.८३ वरून ८.१७ झाले!

मला हे समजायला वेळ लागला. लोकलच्या दारातली गर्दी डोळ्यांपुढे आणली तेव्हा समजलं. बाहेरून एक माणूस स्वतःला आत कोंबतो. तो दारातच लटकून राहतो, पण त्याच्या रेट्याने दारातला माणूस आत सरकतो. आधी ८.५ दारात होता, म्हणजे छाटला जाणारा. ९.५ आल्यावर ८.५ आत गेला आणि मोजला गेला. शिवाय खालच्या बाजूचा एक ७.५ नाहीसा झाला, कारण तो ९.५ झाला होता.

म्हणजे छाटलेली सरासरी लबाड परीक्षकाला पूर्ण निष्प्रभ करत नाही. ती त्याला कुंपण घालते. त्याने ९.५ ऐवजी १० दिले तरी उत्तर ८.१७ च राहतं. एकट्याच्या जोरावर तो निकाल कुठपर्यंत नेऊ शकतो हे आता त्याच्या हातात राहत नाही. बाकीच्या चौघांनी काय दिलं त्यावर ते ठरतं. बाकीचे चौघं प्रामाणिक आणि एकमेकांच्या जवळ असतील तर कुंपण घट्ट. ते स्वतःच विखुरलेले असतील तर कुंपण सैल.

आता दोघांना घ्या. ७.५ देणारे दोघं आदल्या रात्री भेटले आणि दोघांनीही ९.५ द्यायचं ठरवलं. आकडे: ८, ८, ८.५, ९.५, ९.५. नियमाप्रमाणे एक ८ आणि एकच ९.५ काढायचा. उरले ८, ८.५ आणि ९.५. सरासरी ८.६७. दुसरा ९.५ राजरोस मोजला गेला, कारण पहिल्याने त्याच्यासाठी बळी दिला. प्रत्येक टोकाचा एकच आकडा छाटायचा असेल, तर नियम एका चोराच्या मापाने शिवलेला आहे. दोघं आले की तो उसवतो.

डायव्हिंगवाल्यांनी हे ओळखलं. तिथे वैयक्तिक स्पर्धेत सात परीक्षक असतात, वरचे दोन आणि खालचे दोन काढतात आणि मधल्या तिघांचे गुण धरतात. दोघांच्या संगनमताला हे पुरतं. त्याची किंमत अशी की सात तज्ज्ञ बसवून चौघांचं म्हणणं फेकून द्यावं लागतं.

सॉल्ट लेक सिटी, फेब्रुवारी २००२

आता या नियमाच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या प्रसंगाकडे येतो. ११ फेब्रुवारी २००२. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये हिवाळी ऑलिंपिक चालू होतं आणि बर्फावर जोडीने करायच्या फिगर स्केटिंगची शेवटची फेरी होती. रशियाच्या येलेना बेरेझ्नाया आणि अंतोन सिखारुलिद्झे यांनी अवघड कार्यक्रम केला, पण एका उडीनंतर अंतोनचा तोल गेला. त्यांच्यानंतर कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेलेटिए यांनी डोळ्यांत भरेल अशी चूक न करता कार्यक्रम संपवला. प्रेक्षकांनी विजेते ठरवून टाकले. नऊ परीक्षकांनी मात्र ५ विरुद्ध ४ अशा मतांनी सुवर्ण रशियाला दिलं.

पुढच्या एकदोन दिवसांत फ्रान्सच्या परीक्षक मारी-रेन ल गून्य यांनी सांगितलं की त्यांच्यावर त्यांच्याच संघटनेचे अध्यक्ष दिदिए गायाग्ये यांचा दबाव होता. आरोप असा की फ्रान्सने इथे रशियाला मत द्यायचं आणि बदल्यात आइस डान्समध्ये फ्रेंच जोडीला मदत मिळवायची. नंतर ल गून्य यांनी हे म्हणणं फिरवलं, आणि गायाग्ये यांनी आरोप नाकारले. तरीही आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने दोघांवर तीन वर्षांची बंदी घातली. कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक दिलं गेलं, आणि एकाच स्पर्धेचे दोन विजेते पोडियमवर शेजारी शेजारी उभे राहिले.

या घोटाळ्यानंतर स्केटिंगने गुणांची जुनी पद्धत मोडीत काढली. नव्या पद्धतीत, २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये, बारा परीक्षक बसले. त्यांतले नऊच मोजायचे आणि ते नऊ कोण हे संगणकाने चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. मग प्रत्येक उडीसाठी, प्रत्येक गिरकीसाठी त्या नवांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा गुण काढायचा आणि सातांची सरासरी घ्यायची. वर, कुठला गुण कुणी दिला हे गुप्त ठेवायचं. बातम्यांमध्ये हे असं आलं: घोटाळा झाला, म्हणून टोकाचे आकडे छाटायला सुरुवात झाली.

मीही हे कितीतरी वर्षं असंच सांगत होतो. मग एकदा जुनी पद्धत नीट वाचली आणि गडबड लक्षात आली.

जुन्या पद्धतीत परीक्षक सहापैकी गुण देत, पण त्या गुणांची सरासरी कधी काढलीच जात नव्हती. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून फक्त त्याची क्रमवारी बघत. त्याच्या मते पहिलं कोण, दुसरं कोण. मग ज्या जोडीला जास्त परीक्षकांनी पहिलं ठेवलं ती पहिली. एखाद्या परीक्षकाने रशियाला थोड्याशा फरकाने वर ठेवलं काय किंवा कॅनडाला पार खाली ढकललं काय, त्याचं मत एकच. म्हणजे टोकाच्या आकड्याने निकाल खेचण्याचा धोका त्या पद्धतीत जवळजवळ नव्हताच. त्या बाबतीत ती छाटलेल्या सरासरीपेक्षाही कडक होती.

आणि फ्रान्सच्या परीक्षकाचं मत टोकाचं कुठे होतं? रशिया, चीन, पोलंड, युक्रेन आणि फ्रान्स यांनी रशियन जोडीला पहिलं ठेवलं. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि जपान यांनी कॅनडाला. पाचांपैकी एक मत, म्हणजे चौघं तिच्याच बाजूने होते. छाटणीचा नियम कसाही लावा, बहुमतात उभ्या असलेल्या माणसाला तो हातही लावत नाही. त्या रात्री आरोप झाला तो कडेच्या मतावर नव्हता, बरोबर मधल्या मतावर होता. ५ विरुद्ध ४ मध्ये तराजू फिरवायला मधलंच मत लागतं. सौदा करायचा असेल तर तोच विकत घ्यावा लागतो.

थोडक्यात, जो रोग झाला त्यावर दुसऱ्याच रोगाचं औषध दिलं गेलं. नव्या पद्धतीने खूप काही सुधारलं. प्रत्येक घटकाला वेगळे गुण आले आणि चूक कुठे झाली ते कागदावर दिसायला लागलं. पण संगनमताचा प्रश्न छाटणीने सुटत नाही, आणि ज्या दोन गोष्टी त्यासाठी म्हणून जोडल्या त्या वेगळीच डोकेदुखी ठरल्या.

पहिली म्हणजे चिठ्ठी. बारांतून नऊ निवडण्याचे २२० मार्ग आहेत. दोन खेळाडू अगदी जवळ असतील तर त्यांच्यापैकी काही मार्गांनी एक जिंकतो आणि काही मार्गांनी दुसरा. स्केटिंग तेच, परीक्षकही तेच आणि गुणही तेच, तरी पदक संगणकाने कुणाला वगळलं त्यावर. खेळाडूला हे काय म्हणून समजवायचं?

दुसरी म्हणजे गुप्तता. कल्पना अशी होती की आपला परीक्षक सौद्याप्रमाणे वागला की नाही हेच सौदा करणाऱ्याला कळलं नाही, तर सौदा कोण करेल? पण तेच पत्रकारांना, प्रेक्षकांना आणि संशोधकांनाही कळेनासं झालं. डार्टमथ कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी गुप्ततेच्या आधीचे आणि नंतरचे आकडे तपासले. स्वतःच्या देशाचा परीक्षक पॅनेलवर असल्याचा खेळाडूला होणारा फायदा कमी झाला नव्हता. उलट थोडा वाढला होता. २०१६ मध्ये स्केटिंग संघटनेने गुप्तता संपवली. छाटणी राहिली, पण आता कुठला आकडा कुणाचा हे सगळ्यांना दिसतं.

माझ्या मते या सगळ्यात ती नावंच सर्वांत कामाची ठरली. एका स्पर्धेच्या निकालात संगनमत दिसत नाही, कारण त्यात सामील असलेले एकमेकांच्या आडोशाला उभे असतात. ते दिसतं ते अनेक स्पर्धांचे कागद शेजारी ठेवल्यावर. या देशाचा परीक्षक आपल्या खेळाडूंना इतरांपेक्षा दर वेळी किती जास्त देतो? आणि त्याच्याच खेळाडूंना दर वेळी उदारपणे देणारा दुसरा देश कुठला? हे शोधायला छाटलेले आकडेही लागतात, आणि प्रत्येकापुढे नाव लागतं.

एक्कावन्न

आता परत टपरीवर येतो.

तीन परीक्षक असतील आणि मोठा-छोटा आकडा काढला, तर उरतो एक. मित्राची मागणी मान्य झाली असती, तर प्रत्येक एकांकिकेचा निकाल एकाच माणसाने लावला असता, आणि तोही दर वेळी वेगळ्या. त्याच्या एकांकिकेला ८० देणाऱ्याने आणि दुसरीला ७३ देणाऱ्याने. ते दोघं वेगळे परीक्षक होते. एकाचा हात सढळ आणि दुसऱ्याचा आखडता असू शकतो. ऐंशी आणि त्र्याहत्तरची तुलना मग कशाची तुलना ठरते? छाटायचं असेल तर आधी छाटण्याइतके लोक लागतात. पाच असले तर तिघं उरतात. तिघांवर ही कात्री चालवायची नसते.

हे मी मित्राला पुढे कधीतरी सांगितलं. त्याला ते पटलं, पण ५१ चा राग गेला नाही. माझाही गेला नव्हता. आम्ही दोघांनी त्या परीक्षकाला मनातल्या मनात लबाड ठरवून टाकलं होतं.

मग एकदा मित्राच्या घरी जुनी मंडळी जमली होती. त्यात त्या दिवशी प्रेक्षकांत असलेली एक मैत्रीण होती. त्या एकांकिकेचा विषय निघाला. ती म्हणाली, "भारी होती म्हणतात सगळे. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होते. मला निम्मं ऐकूच आलं नाही."

मला एकदम त्या सभागृहातल्या खुर्च्या आठवल्या. दोन परीक्षक पहिल्या रांगेत बसायचे, टेबलामागे. तिसरे गृहस्थ प्रत्येक प्रयोगाला उठून मागे जाऊन बसायचे. मला तेव्हा ते आढ्यतेखोर वाटले होते. आणि त्या कागदावर गुणांच्या खाली शेऱ्यासाठी दोन ओळी होत्या. त्यांनी त्या भरल्या होत्या. मी फक्त आकडा उतरवला होता. शेरा वाचलाच नव्हता.

तो शेरा काय होता हे आता कळायला मार्ग नाही. कदाचित ते खरंच आकसाने वागले असतील. पण हेही शक्य आहे की त्या तिघांत नाटक शेवटच्या रांगेतून बघणारे तेच एकटे होते आणि ५१ हा त्या खुर्चीतून दिसलेला प्रामाणिक आकडा होता. छाटणीचा नियम या दोन माणसांत फरक करू शकत नाही. लबाड माणूस आणि एकट्यालाच खरं दिसलेला माणूस, दोघंही कागदावर एकाच जागी उभे असतात, कडेला. नियम दोघांनाही काढतो. बहुतेक वेळा ते योग्यच असतं, कारण बहुतेक वेळा चौघांना जे दिसतं ते बरोबर असतं. पण दर वेळी नसतं.

आता गावाकडच्या स्पर्धेत मी हिशोबाला बसतो तेव्हा पाच परीक्षकांचा आग्रह धरतो. त्यातले दोन मागच्या रांगांत बसतात. मोठा आणि छोटा आकडा आम्ही काढतो, पण खोडत नाही. त्यावर एक आडवी रेघ मारतो, आकडा खाली वाचता येईल अशी, आणि कागद निकालाबरोबर भिंतीवर लावतो. आणि छाटला जाणारा आकडा बाकीच्यांपासून दहा गुणांहून लांब असेल तर बेरीज करण्याआधी मी त्याच्याखालचा शेरा वाचतो.